रिपोर्टमधले भरतीचे आणि बचावाचे शब्द कसे काढायचे: एक पॅरा घेऊन सगळं करून बघू

ऑफिसात मराठीत रिपोर्ट लिहायचा म्हटलं की बोलताना सरळ बोलणारा माणूस एकदम परिपत्रकाच्या भाषेत शिरतो. "सेकंड शिफ्टला माल जास्त खराब होतोय" असं कॅन्टीनमध्ये सांगणारा क्वालिटीवाला कागदावर लिहितो की "सदर बाबतीत काही प्रमाणात वाढ झाल्याचे दिसून येत आहे". मग मालक तो कागद वाचून परत फोन करतो आणि विचारतो, अरे नक्की काय झालंय? म्हणजे रिपोर्ट लिहून काम वाढलंच.

यावर "अनावश्यक शब्द काढा" हा सल्ला सगळे देतात, पण त्यात एक गडबड आहे. काढायचे शब्द दोन जातीचे असतात. एक भरतीचे, म्हणजे नुसते जागा अडवणारे: सदर, च्या माध्यमातून, त्या अनुषंगाने. दुसरे बचावाचे, म्हणजे लिहिणाऱ्याला अंगावर काही घ्यायचं नसतं म्हणून घातलेले: शक्यता नाकारता येत नाही, प्रथमदर्शनी, साधारणपणे. पहिले पेन फिरवून जातात. दुसरे तसे काढता येत नाहीत, त्यासाठी कुणाला तरी फोन करावा लागतो, रजिस्टर उघडावं लागतं, कारण त्या शब्दांच्या जागी माहिती यायला हवी. दोन्ही एकाच झाडूने झाडले तर रिपोर्ट एक तर पोकळ होतो नाहीतर खोटा ठामपणा दाखवतो, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतं.

उदाहरण घेऊया. एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप आहे असं समजा, सीएनसीवर स्टीलचे बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या, बनवून मोठ्या कंपनीला पुरवतात, दोन शिफ्ट चालतात. आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, पण पॅरा असा आहे की तुम्ही तुमच्या ऑफिसात शंभर टक्के वाचलेला असणार:

"सप्टेंबर महिन्यामध्ये उत्पादन प्रक्रियेच्या माध्यमातून तयार करण्यात आलेल्या बुशच्या बाबतीत रिजेक्शनचे प्रमाण मागील महिन्याच्या तुलनेत बऱ्यापैकी वाढल्याचे दिसून येत आहे. सदर वाढीमागे साधारणपणे टूल वेअरसारखी काही कारणे असण्याची शक्यता नाकारता येत नाही असे प्रथमदर्शनी वाटते. त्या अनुषंगाने संबंधित विभागाला योग्य त्या सूचना देण्यात आल्या असून लवकरात लवकर आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल."

तीन वाक्यं आहेत आणि एकही आकडा नाही, एकही माणूस नाही, एकही तारीख नाही. चला सुरू करू.

पायरी 1: आधी भरती काढा, डोकं न लावता

हे सगळ्यात सोपं काम आहे म्हणून पहिलं करायचं, म्हणजे खालचं हाड दिसायला लागतं. कसोटी एकच: शब्द झाकून वाक्य वाचा, अर्थात फरक पडला नाही तर शब्द गेला.

"उत्पादन प्रक्रियेच्या माध्यमातून तयार करण्यात आलेल्या बुशच्या बाबतीत रिजेक्शनचे प्रमाण" यात "बुशचे रिजेक्शन" एवढंच आहे. बुश उत्पादन प्रक्रियेतूनच तयार होणार, झाडाला लागत नाहीत. "च्या माध्यमातून" च्या जागी बहुतेक वेळा "ने", "तून" किंवा "वर" पुरतं: "व्हॉट्सअ‍ॅपच्या माध्यमातून कळवले" म्हणजे "व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले". "च्या बाबतीत", "च्या संदर्भात", "च्या दृष्टिकोनातून" या तिघांचंही तेच, नावाला नुसता प्रत्यय लावला की काम होतं. "महिन्यामध्ये" चं "सप्टेंबरमध्ये". "सदर" च्या जागी "ही" किंवा "या", आणि पुष्कळदा काहीच नाही. "त्या अनुषंगाने" तर वाक्य सुरू करताना घसा खाकरल्यासारखं आहे, सरळ उडवा.

"असे दिसून येते की" याबद्दल मात्र दोन मिनिटं थांबा. हा शब्दसमूह नव्वद टक्के वेळा भरतीच असतो, "रिजेक्शन वाढल्याचे दिसून येत आहे" म्हणजे "रिजेक्शन वाढले". पण कधीकधी लिहिणाऱ्याला खरोखर म्हणायचं असतं की मी स्वतः मोजलं नाही, रजिस्टरवरून असं दिसतं. तसं असेल तर "दिसून येते" ने ते कळतच नाही, तिथे "रजिस्टरनुसार" असा एकच शब्द घाला.

इंग्रजीतून आलेली भरतीही यातच. बेसिकली, ओव्हरऑल, अ‍ॅक्च्युअली हे शब्द बोलताना ठीक आहेत, लिखाणात आले की ते वाक्याच्या सुरुवातीलाच सापडतात आणि काढले तर कुणाला पत्ताही लागत नाही.

नम्रतेच्या शब्दांचं काय, हे विचारतात बरेच जण. "आपल्या निदर्शनास नम्रपणे आणून देऊ इच्छितो की" वगैरे. माझं मत असं की मान द्यायचा तो सोबतच्या मेलमध्ये द्या, "आदरणीय सर, सप्टेंबरचा रिपोर्ट जोडला आहे, वेळ मिळाला की बघावा ही विनंती", झालं. रिपोर्टच्या आत प्रत्येक पॅराला हात जोडले की खरी विनंती कुठली, म्हणजे पैसे मंजूर करा ही, ती गर्दीत हरवते.

एवढं केल्यावर आपला पॅरा असा उरतो: "सप्टेंबरमध्ये बुशचे रिजेक्शन ऑगस्टपेक्षा बऱ्यापैकी वाढले. या वाढीमागे साधारणपणे टूल वेअरसारखी काही कारणे असण्याची शक्यता नाकारता येत नाही असे प्रथमदर्शनी वाटते. संबंधित विभागाला योग्य त्या सूचना दिल्या आहेत, लवकरात लवकर आवश्यक ती कार्यवाही करू."

लहान झाला, पण माहिती अजून शून्यच आहे. इथे थांबणारे खूप असतात.

पायरी 2: "बऱ्यापैकी" च्या जागी आकडा, आणि आकड्याखाली पाया

बऱ्यापैकी, लक्षणीय, काही प्रमाणात, मोठ्या संख्येने, समाधानकारक. असा शब्द दिसला की त्याच्यावर गोल करायचा आणि रजिस्टर उघडायचं. आपल्या शॉपमध्ये सप्टेंबरला 12,000 बुश बनले, 384 रिजेक्ट, म्हणजे 3.2 टक्के. ऑगस्टला 11,200 पैकी 168, म्हणजे 1.5 टक्के. आता "बऱ्यापैकी" ची गरजच राहिली नाही, दुपटीहून जास्त झालंय हे वाचणाऱ्याला दिसतंय.

पण नुसता आकडा टाकूनही फसवणूक होते, नकळत. समजा तुम्ही लिहिलं की 384 पैकी 290 बुशचा बोअर, म्हणजे मधलं भोक, लहान निघाला आणि त्यातले 212 सेकंड शिफ्टचे. लगेच कुणीतरी म्हणेल, सेकंड शिफ्टला माल जास्त निघत असेल म्हणून असेल. म्हणून पाया द्यायचा: फर्स्ट शिफ्टने 6,300 बनवले, त्यात 78 लहान बोअरचे, सेकंडने 5,700 बनवले, त्यात 212. हजारी काढलं तर फर्स्टला 12 आणि सेकंडला 37. कमी माल काढूनही तिप्पट खराब. हे एक वाक्य रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे आणि ते मूळ पॅरात नव्हतंच, "बऱ्यापैकी" च्या खाली गाडलेलं होतं.

"सुमारे" आणि "अंदाजे" हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांचा एक नियम पाळा: गोल आकड्यालाच लावायचे. "सुमारे 400" ठीक. "सुमारे 384" लिहिलं की वाचणारा गोंधळतो, मोजलंय की अंदाज केलाय? आणि "अंदाजे 300 ते 400 च्या आसपास साधारण" असं लिहिणाऱ्याने सरळ रजिस्टर बघावं. आकडा मिळतच नसेल, कुणी मोजलंच नसेल, तर "किती ते मोजलेले नाही" असं लिहा. त्याने लाज जात नाही, उलट पुढच्या महिन्यापासून मोजायला लागतात.

पायरी 3: "करण्यात येईल" मधला माणूस शोधा

करण्यात आले, देण्यात येईल, घेण्यात येणार आहे. या रचनेत काम करणारा माणूसच गायब होतो आणि तो मुद्दाम गायब केलेला असतो असंही नाही, आपल्याला सरकारी पत्रं वाचून सवयच लागलीय. आपण पहिल्या पायरीत "करण्यात येईल" चं "करू" केलं, पण "करू" मध्ये तरी कोण आहे? इथे तीन प्रश्न विचारायचे: कोण, काय, कधीपर्यंत. "संबंधित विभाग" म्हणजे कोण, "योग्य त्या सूचना" म्हणजे काय सांगितलं, "लवकरात लवकर" म्हणजे कुठली तारीख.

उत्तरं मिळाली तर वाक्य आपोआप बनतं, त्यातला इन्सर्ट म्हणजे मशीनमधलं बदलता येणारं कापायचं पातं: "6 ऑक्टोबरपासून दोन्ही शिफ्टमध्ये दर 200 नगांनंतर इन्सर्ट बदलू, नोंद शिफ्ट सुपरवायझर ठेवतील." उत्तरं नाही मिळाली, म्हणजे फोन केल्यावर समोरचा म्हणाला "अजून ठरलं नाही", तर रिपोर्टमध्येही तेच येऊ दे: "उपाय अजून ठरलेला नाही, 3 ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये ठरवू." "आवश्यक ती कार्यवाही" या शब्दांखाली ठरलेलं आणि न ठरलेलं दोन्ही सारखंच दिसतं, हाच त्याचा तोटा आहे.

प्रत्येक "ण्यात आले" मारायची गरज नाही हेही सांगतो. "मशीन 2019 मध्ये बसवण्यात आले" यात कुणी बसवलं याने काही फरक पडत नाही, राहू दे. आणि माणूस शोधायचा म्हणजे दोषी शोधायचा असं नाही. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचं नाव टाकून "यांच्या निष्काळजीपणामुळे" लिहिलं की तो रिपोर्ट राहत नाही, भांडण होतं. तिथे जे बघितलं ते लिहा: "सेकंड शिफ्टमध्ये इन्सर्ट बदलल्याची नोंद ठेवली जात नाही." ही वस्तुस्थिती आहे, कुणाच्या अंगावर जात नाही, आणि "काही ठिकाणी काही त्रुटी असू शकतात" पेक्षा दहापट उपयोगी आहे.

पायरी 4: बचावाचे शब्द, इथे मात्र हळू

आता मधलं वाक्य. "साधारणपणे टूल वेअरसारखी काही कारणे असण्याची शक्यता नाकारता येत नाही असे प्रथमदर्शनी वाटते." मोजा: साधारणपणे, सारखी, काही, शक्यता, नाकारता येत नाही, प्रथमदर्शनी, वाटते. एका वाक्यात सात चिलखतं. हे वाचून उत्साहाच्या भरात लोक काय करतात, सगळं खरडून "टूल वेअरमुळे रिजेक्शन वाढले" असं लिहून मोकळे होतात. वाक्य सुंदर झालं. पण खरं आहे का?

इथे विषयाची माहिती लागते. बुशच्या ड्रॉइंगवर बोअर 25 एच-7 दिलाय, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी, फक्त 21 मायक्रॉनची मुभा. बोरिंग करताना इन्सर्टचं टोक झिजलं की कापणी थोडी कमी होते आणि बोअर लहान राहतो, भोक तपासायच्या प्लग गेजची गो बाजू, जी आत जायलाच हवी, ती जात नाही. म्हणजे लहान बोअर आणि झिजलेला इन्सर्ट यांचं जमतं. पण दुसरीही कारणं आहेत ज्यांनी अगदी हेच दिसतं. ऑपरेटरने वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायची मशीनमधली दुरुस्ती, दिला नसेल, किंवा चुकीच्या दिशेने दिला असेल. किंवा मशीनवरून काढलेला गरम पीस लगेच मोजून "ओके" म्हटलं असेल: स्टीलचा 25 मिमीचा बोअर 20 अंशांनी तापलेला असला तर सहाएक मायक्रॉनने मोठा दिसतो आणि थंड झाल्यावर आकसतो, कडेवरचे पीस मग सकाळी गेजला अडकतात. तेव्हा शंका खरी आहे, ती लिहिलीच पाहिजे. फक्त सात शब्दांनी नाही, एका शब्दाने.

मी हे असं करतो. वाक्यातला प्रत्येक दावा वेगळा काढायचा आणि त्याच्यासमोर स्वतःशीच प्रामाणिकपणे लिहायचं की हे मोजलंय, की तर्क आहे, की माहीतच नाही. बोअर लहान आहे, मोजलंय, तिथे शंकेचा एकही शब्द नको. जास्त पीस सेकंड शिफ्टचे आहेत, रजिस्टरमध्ये आहे, तिथेही नको. कारण इन्सर्ट आहे, हा तर्क, तिथे शंकेचा शब्द हवा, एकच हवा, त्या दाव्याला चिकटून हवा, आणि त्याच्यामागे "कारण" लावून हवा. म्हणजे असं: "इन्सर्ट झिजल्याची शक्यता सर्वात जास्त वाटते, कारण झिजलेल्या इन्सर्टने बोअर लहानच होतो आणि सेकंड शिफ्टमध्ये इन्सर्ट बदलल्याची नोंद नाही." आणि पुढचं वाक्य, जे बहुतेक जण विसरतात: शंका कधी आणि कशी फिटेल. "दोन आठवडे दर 200 नगांनंतर बदलून बघू, 18 ऑक्टोबरला कळवू."

"शक्यता नाकारता येत नाही" हे एक खास प्रकरण आहे. नाकारता तर काहीच येत नाही, भूकंप झाला असेल हेही नाकारता येत नाही. या शब्दांमधून वाचणाऱ्याला शक्यता जास्त आहे की कमी हेच कळत नाही, त्यामुळे "शक्यता जास्त", "शक्यता कमी" किंवा "सांगता येत नाही" यातलं एक निवडायचं. निवडता येत नसेल तर लिहायच्या आधी शॉपवर एक चक्कर मारून यायची.

खोटा ठामपणा महाग पडतो म्हटलं ते इथे. तुमच्या या अंतर्गत रिपोर्टमधलं वाक्य उद्या ग्राहक कंपनीच्या एट-डी फॉर्ममध्ये, म्हणजे खराब मालाचं कारण आणि उपाय लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, जाणार असतं. त्यात चौथ्या रकान्यात मूळ कारण आणि पाचव्यात कायमचा उपाय लिहून द्यायचा असतो. "टूल वेअर" असं ठासून लिहिलं, इन्सर्ट बदलले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लहान बोअरचा माल गेला की ऑडिटर तोच फॉर्म समोर धरून विचारतो, मूळ कारण सापडलं होतं ना? त्यापेक्षा पुरावा येईपर्यंत कारण "तपासत आहोत" असं ठेवा आणि तोवर काय थांबवलंय ते, म्हणजे सगळा माल थंड झाल्यावर शंभर टक्के गेज करून पाठवतोय, हे तिसऱ्या रकान्यात लिहा. तो रकाना त्यासाठीच असतो.

जोडून बघू

"सप्टेंबरमध्ये 12,000 बुश बनवले, त्यातले 384 रिजेक्ट झाले (3.2 टक्के, ऑगस्टमध्ये 1.5 टक्के). 384 पैकी 290 नगांचा बोअर लहान आहे. लहान बोअरचे प्रमाण फर्स्ट शिफ्टमध्ये हजारी 12 आहे, सेकंडमध्ये 37. कारण अजून सिद्ध झालेले नाही. इन्सर्ट झिजल्याची शक्यता सर्वात जास्त वाटते, कारण झिजलेल्या इन्सर्टने बोअर लहानच होतो आणि सेकंड शिफ्टमध्ये इन्सर्ट बदलल्याची नोंद नाही. 6 ऑक्टोबरपासून दोन्ही शिफ्टमध्ये दर 200 नगांनंतर इन्सर्ट बदलू. नोंद शिफ्ट सुपरवायझर ठेवतील. 18 ऑक्टोबरला निकाल कळवू."

हा पॅरा मूळ पॅरापेक्षा मोठा आहे, लक्षात आलं का? भरती गेली तिच्यापेक्षा जास्त माहिती आली. त्यामुळे रिपोर्ट किती शब्दांनी कमी झाला यावर मार्क देणारा साहेब असेल तर त्याला हा पॅरा दाखवा. कमी होतात ते नंतरचे फोन.

शोधायचं कसं, वर्डमध्ये

लांब रिपोर्ट असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, सवयीचे शब्द डोळ्याला दिसतच नाहीत. Ctrl+F दाबा आणि पूर्ण शब्दाऐवजी शब्दाचा तुकडा शोधा, कारण मराठीत प्रत्यय लागून शब्द बदलतो. "माध्यमा" शोधलं की माध्यमातून, माध्यमाद्वारे, माध्यमाने सगळे सापडतात. तसंच "बाबती", "अनुषंगा", "दिसून", "योग्य त", "आवश्यक त", "शक्य". "ण्यात" टाकलं की सगळे करण्यात-घेण्यात मिळतात, अधूनमधून "पाण्यात" पण येतो, त्याला सोडून द्या.

"बऱ्यापैकी" शोधताना एक अडचण येते: हा र्‍या वेगवेगळ्या कीबोर्डवर आतून वेगळ्या अक्षरांनी टाइप होतो, दिसायला सारखाच, पण शोधला की सापडत नाही. म्हणून "यापैकी" एवढंच शोधा, सोबत "त्यापैकी" पण येतील, चालतंय. आणि रिपोर्ट जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर युनिकोड कीबोर्डने काहीच सापडणार नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या नाहीतर प्रिंट काढून लाल पेन घ्या.

रिप्लेस ऑल कधीच वापरू नका. "सदर" चं एका झटक्यात "या" केलं की "सदर रिपोर्ट" चं "या रिपोर्ट" होतं, विभक्तीचं सगळं बिघडतं, आणि ते निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो. एकेक सापडलेल्या जागी थांबून बघायचं की इथे हा शब्द भरतीचा आहे की बचावाचा, बचावाचा असेल तर त्या ओळीला पिवळा रंग द्यायचा आणि पुढे जायचं. शेवटी पिवळ्या ओळी घेऊन शॉपवर, स्टोअरमध्ये, अकाउंट्सला, जिथे ती माहिती असेल तिथे जाऊन बसायचं. सेकंड शिफ्टवाल्यांना भेटायचं असेल तर अर्थातच सेकंड शिफ्टला.